मुदतवाढ मागताना मॅडमशी काय बोलायचं?

*मी दादरच्या एका कॉलेजात एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, डोंबिवलीहून ये-जा करते. माझा शोधप्रकल्प घरकाम करणाऱ्या बायकांवर आहे. २० मुलाखती ठरल्या होत्या, १४ झाल्या. उरलेल्या ६ जणी गणपतीसाठी कोकणात गेल्यात, त्या अनंत चतुर्दशीनंतरच परत येतील. प्रकल्प द्यायचाय सोमवारी, २८ सप्टेंबरला. मॅडम कडक आहेत. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी २ ते ३ त्या विद्यार्थ्यांना केबिनमध्ये भेटतात. मला मुदत वाढवून मागायची आहे, पण त्यांच्यासमोर गेले की माझी बोबडी वळते. मी नेमकं काय बोलू, त्या काय विचारतील आणि मी काय उत्तर देऊ, हे संवादासारखं लिहून द्याल का?*
*— एक विद्यार्थिनी, डोंबिवली*

मंगळवारी, २२ तारखेलाच जा. गुरुवारवर ढकललंस तर मध्ये एकही कामाचा दिवस उरत नाही, कारण शुक्रवारी अनंत चतुर्दशी आणि पुढे शनिवार-रविवार. गुरुवारी मागितलेली मुदत ही मॅडमच्या दृष्टीने आयत्या वेळी मागितलेली मुदत. शिवाय दोनच्या ठोक्याला पोहोच. अडीचनंतर केबिनबाहेर चार-पाच जण उभे असतात, मॅडमचा एक डोळा घड्याळाकडे असतो, आणि अशा वेळी "नाही" म्हणणं सगळ्यात सोपं असतं.

संवाद लिहून देतो, पण त्याआधी एक हिशेब कागदावर मांड. तो नसेल तर संवाद तिसऱ्याच वाक्याला अडकेल. "थोडे दिवस वाढवून मिळतील का?" असं विचारलंस की मॅडम विचारणार, "किती?" आणि तिथे तू अंदाजाने "एक आठवडा" म्हणालीस तर त्यांना कळतं की तू काम मोजलेलं नाहीस. मोजायचं कसं ते तुझ्याच प्रकल्पावर करून बघू.

एक मुलाखत ४० मिनिटांची धरली तर सहा मुलाखतींचं ध्वनिमुद्रण ४ तासांचं होतं. एका तासाचं मुद्रण ऐकून शब्दशः उतरवायला साधारण ५ तास लागतात. मागे मिक्सर, टीव्ही, लहान मूल असेल तर सहाही लागतात. म्हणजे उतरवण्याचेच २० तास. या बायकांना दुपारी दोन ते चार एवढीच उसंत असते, त्यामुळे दिवसाला दोनच मुलाखती होतील. त्या सोमवार ते बुधवार, २८, २९ आणि ३० सप्टेंबरला. लोकलच्या प्रवासानंतर तुझ्या हातात रोजचे जास्तीत जास्त चार तास राहतात. मंगळवार, बुधवार, गुरुवार मिळून १२ तास, आणि २ ऑक्टोबरच्या सुट्टीला उरलेले ८. शनिवार ते सोमवार, ३ ते ५ तारखेपर्यंत, निष्कर्षांच्या प्रकरणात नवी माहिती घालून तक्ते सुधारायचे. मंगळवारी प्रिंट आणि बाइंडिंग. बुधवारी, ७ ऑक्टोबरला प्रकल्प मॅडमच्या टेबलावर. तुझी मागणी ही: ७ ऑक्टोबर.

आता दुसरी बाजू. मॅडमच्या हातातही एक तारीख असते. तोंडी परीक्षेआधी त्यांना सगळे प्रकल्प वाचायचे असतात आणि त्यानंतर ठरलेल्या दिवशी गुण परीक्षा विभागाकडे द्यायचे असतात. त्या दिवसापलीकडे जाणं त्यांच्याही हातात नसतं. म्हणून सोमवारी विभागाच्या ऑफिसात विचारून ठेव: तोंडी परीक्षा कधी आहे, आणि २८ ही तारीख मॅडमनी ठरवलेली आहे की कॉलेजने? कॉलेजने ठरवलेली असेल तर मॅडमकडे मागणी वेगळी करावी लागते. "मुदत वाढवून द्या" असं नाही, तर "विभागप्रमुखांना अर्ज दिला तर तुमची शिफारस मिळेल का" असं. इथे आपण धरून चालू की तारीख मॅडमचीच आहे आणि तोंडी परीक्षा १२ ऑक्टोबरला आहे.

सोबत तीन गोष्टी ने: झालेल्या १४ मुलाखतींची टाइप केलेली फाइल, पहिल्या तीन प्रकरणांची प्रिंट, आणि वरचा हिशेब एका पानावर. त्या पानावर बायकांची नावं लिहू नको. "मुलाखत १५, मुलाखत १६" असंच लिही. प्रकल्पात ओळख गुप्त ठेवण्याचं वचन दिलेलं असताना नावांचा कागद टेबलावर ठेवलास तर बोलणं मुदतीवरून भलतीकडेच जाईल, आणि मॅडमचं बरोबर असेल.

आता केबिनचं दार.

विद्यार्थिनी: मॅडम, येऊ का आत?

मॅडम: ये. बस. काय गं?

विद्यार्थिनी: मॅडम, प्रकल्पाच्या तारखेबद्दल बोलायचं होतं. दहा मिनिटं लागतील. आत्ता बोलू का?

मॅडम: बोल.

विद्यार्थिनी: मॅडम, माझ्या वीसपैकी चौदा मुलाखती झाल्यात आणि त्या उतरवूनही झाल्यात. राहिलेल्या सहा जणी गणपतीला गावी गेल्यात, त्या रविवारपर्यंत परत येतील. मला २८ ऐवजी ७ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळू शकेल का? पहिली तीन प्रकरणं आणि चौदा मुलाखतींवरचा निष्कर्षांचा कच्चा खर्डा मी २८ लाच देते.

इथे थांब. अगदी गप्प बस. बोबडी वळणाऱ्या माणसाला ही शांतता सहन होत नाही आणि तो ती भरायला लागतो: "म्हणजे मॅडम, तुम्हाला जमत असेल तरच, नाहीतर मी कसंतरी करते..." या एका वाक्याने तू स्वतःची मागणी स्वतःच मागे घेतेस. मॅडम त्या क्षणी मनात तारखा लावून बघत असतात. त्यांना लावू दे.

वरच्या मागणीत वाक्यांचा क्रम मुद्दाम तसा आहे. आधी झालेलं काम, मग अडचण, मग तारीख, शेवटी २८ ला काय मिळेल ते. अडचण आधी आली की ऐकणाऱ्याला सबब ऐकू येते. झालेलं काम आधी आलं की तीच अडचण कामातली अडचण वाटते. "मॅडम, सॉरी, मला माहितीये तुम्ही रागवाल, पण..." अशी सुरुवात तर करूच नको. राग अजून आलेला नसतो, तो तू सुचवतेस. आणि २८ ला अर्धं काम देण्याचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. त्यामुळे मॅडमचं वाचन २८ लाच सुरू होतं आणि ७ तारखेला त्यांच्यावर फक्त शेवटच्या प्रकरणाचा भार पडतो.

पुढे त्या प्रश्न विचारतील. पहिला प्रश्न बहुधा हाच असेल.

मॅडम: गणपती कधी आहेत हे कॅलेंडरवर वर्षभर आधी असतं ना? तुला आत्ता कळलं?

विद्यार्थिनी: हो मॅडम, हे मला आधी कळायला हवं होतं. या सहा जणींच्या मुलाखती मी शेवटी ठेवल्या, त्या आधी घ्यायला हव्या होत्या. आता त्या २८, २९ आणि ३० ला दुपारी दोन ते चार या वेळेत ठरल्यात. हे वेळापत्रक बघाल का?

प्रश्न बोचरा आहे, पण रास्त आहे, म्हणून त्याला उत्तर एकच: हो. "त्या बायकांनीच आयत्या वेळी सांगितलं" असं म्हणालीस तर समाजशास्त्राच्या बाई तुला दुसरा प्रश्न विचारतील की दरवर्षी गावी जाणाऱ्या बायकांवर अभ्यास करतेस आणि त्या कधी जातात हे तुला ठाऊक नाही? चूक एका वाक्यात मान्य कर आणि लगेच कागद पुढे कर. मात्र वेळा खरोखर ठरलेल्या हव्यात. त्यासाठी सोमवारी रात्रीच सहाही जणींना फोन करून ठेव. गावात रेंज नसेल तर निरोप पोहोचायला वेळ लागतो.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे आणि बहुतेक मुलं त्याची तयारी करत नाहीत.

मॅडम: चौदा मुलाखती पुरे नाहीत का? शेवटच्या तीन-चार मुलाखतींत नवीन काही आलं का तुझ्या?

विद्यार्थिनी: नाही मॅडम, शेवटच्या तिघींकडून तेच मुद्दे पुन्हा आले. पण त्या चौदाही जणी चार-पाच घरी जाऊन काम करणाऱ्या आहेत. राहिलेल्या सहा एकाच घरी बारा तास काम करणाऱ्या आहेत. चौथ्या प्रकरणात मी या दोन गटांची तुलना करणार आहे. दुसरा गटच नसेल तर ते प्रकरण उभं राहत नाही.

गुणात्मक संशोधनात मुलाखतींचा आकडा पवित्र नसतो. नवीन मुलाखतींतून नवं काही मिळेनासं झालं की थांबायचं असतं. मॅडमना हे पक्कं माहीत आहे, म्हणून "वीस ठरल्या होत्या" हे उत्तर त्यांना चालणार नाही. या सहा जणी का हव्यात हे प्रकल्पाच्या रचनेतून सांगता आलं तर तुझी मागणी वेळेची राहत नाही, अभ्यासाची होते. त्यासाठी मंगळवारी सकाळी गाडीत बसून स्वतःला हा प्रश्न विचार. तुझ्या सहा जणी खरंच वेगळ्या गटातल्या आहेत का? नसतील, त्याही चौदा जणींसारख्याच असतील, तर मॅडम बरोबर आहेत आणि मुदत मागण्याची गरजच नाही. चौदा मुलाखतींवर प्रकल्प पूर्ण कर आणि पद्धतीच्या प्रकरणात ते कारण लिही.

आता घासाघीस. सरळ होकार क्वचित मिळतो. बहुतेकदा मधली तारीख येते.

मॅडम: ७ नाही जमणार. १२ ला व्हायवा आहे, मला वाचायला वेळ हवा. ५ तारखेला दे.

विद्यार्थिनी: मॅडम, एक मिनिट कागद बघते. (बघून) ५ ला द्यायचं तर सहाऐवजी चार मुलाखती घेता येतील. तुलनेसाठी चार चालतील का?

मॅडम: चार चालतील. पण संख्या कमी आहे हे मर्यादांमध्ये लिही.

विद्यार्थिनी: हो, लिहिते. मग २८ ला पहिली तीन प्रकरणं आणि कच्चा खर्डा, ५ ला पूर्ण प्रकल्प. पाचला किती वाजेपर्यंत देऊ, मॅडम?

मॅडम: दोनपर्यंत. आणि छापील प्रत हवी, नुसती पीडीएफ नको.

विद्यार्थिनी: हो मॅडम. थँक्यू. संध्याकाळी हे सगळं मेलवर लिहून पाठवते.

५ तारीख ऐकल्यावर घाईघाईने "हो हो मॅडम, चालेल" म्हणायचा मोह होईल. तिथेच घोळ होतो. होकार देऊन बाहेर आलेली मुलगी ५ ला पुन्हा केबिनच्या दारात उभी राहते आणि दुसऱ्यांदा मुदत मागते. ती कोणीच देत नाही. म्हणून एक मिनिट मागून कागद बघ, त्यात काही गैर नाही. चार मुलाखतींचं मुद्रण दोन तास चाळीस मिनिटं, ते उतरवायला साधारण साडेतेरा तास. मुलाखती २८ आणि २९ ला संपतात. २९, ३० आणि १ ला मिळून १२ तास, राहिलेला दीड-दोन तासांचा भाग २ तारखेच्या सकाळी. त्या दुपारपासून शनिवारपर्यंत लेखन, रविवारी संध्याकाळी प्रिंट आणि बाइंडिंग. बसतं, पण अगदी काठोकाठ. स्टेशनजवळचं झेरॉक्सचं दुकान रविवारी संध्याकाळी उघडं असतं का हे आधी विचारून ठेव. बंद असेल तर शनिवारीच छापावं लागेल आणि लेखनाचा एक दिवस जाईल. तो दिवस कुठून काढायचा हे आत्ताच ठरव.

वेळ विचारायची ती यासाठी की "५ तारीख" म्हणजे तुझ्या मनात रात्री बारा आणि मॅडमच्या मनात कॉलेज सुटेपर्यंत असं होऊ शकतं. छापील की पीडीएफ, हेही त्यांच्याच तोंडून येऊ दे. त्या बोलल्या नाहीत तर तू विचार.

आता नकाराचा प्रसंग. तो आला तरी केबिनमधून रिकाम्या हाताने उठायचं नाही.

मॅडम: नाही. सगळ्यांना एकच तारीख दिली आहे. एकीला दिली की पंधरा जण येतील.

विद्यार्थिनी: समजलं, मॅडम. मग २८ लाच देते. फक्त एक विचारते, तुलनेचं प्रकरण काढून टाकू, की चौदा मुलाखतींच्या आधारे ते वेगळं मांडू?

मॅडम: काढू नको. कामाच्या तासांवर मांड. चौदा जणींमध्येही कमी तास आणि जास्त तास असे गट निघतील.

विद्यार्थिनी: हो, निघतील. तसं करते. गुरुवारी दोन वाजता त्याचा आराखडा दाखवायला येऊ का?

"समजलं" म्हटल्यावर पुन्हा त्याच दारावर धडका मारू नको. "पण मॅडम, गेल्या वर्षी दिली होती ना", "त्या दुसऱ्या मुलीला तर तुम्ही..." अशी तुलना सुरू झाली की तू मॅडमच्या न्यायबुद्धीवर बोट ठेवतेस आणि पुढचं दार बंद होतं. त्याऐवजी वरचा प्रश्न विचारलास तर मॅडम मार्गदर्शकाच्या भूमिकेत परत येतात. नकार मिळालेल्या भेटीतून असा आराखडा घेऊन बाहेर पडणं, हे माझ्या मते आठवडाभराच्या मुदतीइतकंच मोलाचं आहे.

कारण घरचं किंवा आजारपणाचं असलेल्या वाचकांसाठी थोडक्यात. तिथे आजाराचं वर्णन नको. "मला डेंग्यू झाला होता, १२ ते १९ तारखेपर्यंत काम बंद होतं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणलंय" एवढं पुरे. घरच्या गोष्टी सांगायच्या नसतील तर "घरी एक गंभीर अडचण आहे, तपशील सांगणं मला कठीण जातंय" हे सभ्य आणि पुरेसं वाक्य आहे. खोटं मात्र सांगू नको. मेलेल्या आजीला पुन्हा मारणारी मुलं शिक्षकांनी पाहिलेली असतात, आणि एकदा कळलं की पुढे खऱ्या अडचणीवरही विश्वास बसत नाही.

मेल त्याच संध्याकाळी पाठव. मॅडमना दिवसभरात बरीच मुलं भेटतात. कोणाला कोणती तारीख दिली हे त्यांनी लक्षात ठेवावं अशी अपेक्षा करू नको. विषयाच्या ओळीत "शोधप्रकल्प: ५ ऑक्टोबरपर्यंत मुदत, आजच्या भेटीनुसार" असं लिही आणि खाली एवढंच:

> आदरणीय मॅडम,
> आज दुपारी आपण बोललो त्याप्रमाणे, २८ सप्टेंबरला मी पहिली तीन प्रकरणं आणि निष्कर्षांचा कच्चा खर्डा देईन. पूर्ण प्रकल्पाची छापील प्रत ५ ऑक्टोबरला दुपारी २ वाजेपर्यंत देईन. एकूण १८ मुलाखती असतील आणि संख्या कमी असल्याचं मर्यादांमध्ये लिहीन. यात काही चुकलं असेल तर कृपया कळवावं.
> आपली विद्यार्थिनी,
> (नाव, रोल नंबर, वर्ग)

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नको. ते खाली जातं आणि शोधायला गेलं की सापडत नाही. मॅडमनी मेलला उत्तर दिलं नाही तरी हरकत नाही, तारीख लेखी राहते. पुढे गुण देताना "उशिरा" असा शेरा पडला तर हा मेल दाखवता येतो.

२८ तारखेला खर्डा खरोखर दे. प्रकरणं अजून कच्ची वाटली तरी दे. वाढीव मुदत मिळालेली मुलं पहिल्या तारखेला हमखास गायब होतात आणि मॅडमना ते चांगलंच आठवतं.

आणि ३० तारखेला रात्री कागद पुन्हा उघड. तोवर चारपैकी तीनच मुलाखती झाल्या असतील, एखादी बाई गावीच थांबली असेल, तर चौथीच्या मागे धावू नको. गुरुवारी, १ ऑक्टोबरला, मॅडमच्या भेटीच्या वेळेत जाऊन सांग: "मॅडम, तीन झाल्या, चौथी होणार नाही. तीन धरून ५ ला देते." तारीख तीच ठेवायची, मुलाखतींचा आकडा कमी करायचा.